बंद शटरवरची पाटी

२ ऑक्टोबर २०२५ला दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आली आणि हैदराबादच्या मटणवाल्यांची पंचाईत झाली. श्रीखंड-पुरीवर दसरा साजरा करणाऱ्या मराठी वाचकाला यात पंचाईत कसली, असे वाटेल. पण तेलंगणात दसऱ्याला जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची, पाने वाटून झाली की घरोघर मटण शिजते. त्या दिवशी मटण नाही म्हणजे आपल्याकडे दिवाळीत फराळ नाही. आणि गांधी जयंतीला तर महापालिका कत्तलखाने आणि मांसाची दुकाने बंद ठेवायला लावते. दारूची दुकानेही बंद. त्यातून वार गुरुवार. हैदराबादच्या नामपल्लीत युसुफैन दर्ग्यामुळे गुरुवारची संध्याकाळ हीच आठवड्यातली मोठी गर्दी.

हा योग काही अचानक आलेला नव्हता. कॅलेंडर वर्षभर भिंतीवर टांगलेले होते. २००६मध्येही दसरा २ ऑक्टोबरलाच आला होता. तरीही दुकानदारांच्या जातीला एक खोड आहे: बंदची पाटी ते बंदच्या दिवशीच लावतात, तीही शटरवर. म्हणजे ती वाचायला मिळते फक्त त्याला, जो पिशवी घेऊन, रिक्षाचे पैसे मोजून दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. ज्याला ती आधी हवी होती तो रोजचा गिऱ्हाईक मंगळवारी येऊन, अर्धा किलो घेऊन, गप्पा मारून गेलेला असतो. त्याला कोणी काही बोललेले नसते.

आणि पाटीवर असते काय? वर देवाचे नाव, मग सर्व ग्राहकांना हार्दिक शुभेच्छा, मग ‘सणानिमित्त दुकान दोन दिवस बंद राहील’. कोणते दोन, हे ज्याचे त्याने ओळखायचे. ‘दोन तारखेपर्यंत बंद’ असे लिहिले, तर दोन तारीख त्यात धरायची की सोडायची, यावर सोसायटीच्या बैठकीत निम्मा तास जाऊ शकतो. बंद का आहे, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. उघडणार केव्हा, एवढेच ठाऊक नसते आणि नेमके तेच लिहायचे राहून जाते.

मटणवाल्याच्या बाबतीत तर त्याहून महत्त्वाची एक गोष्ट असते, ती म्हणजे ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ. दसऱ्याला चार-पाच घरे मिळून एक बकरा घेतात आणि वाटे करतात. हा बेत ऐनवेळी ठरत नाही. गुरुवारी दुकान बंद, म्हणजे कापणी बुधवारी. म्हणजे कोणाला किती हवे ते मंगळवारी कळले पाहिजे. म्हणजे गिऱ्हाइकाला हे रविवारी, फार तर सोमवारी समजले पाहिजे. बुधवारचे मटण गुरुवारी शिजवायचे असल्यामुळे त्याला फ्रीजमध्ये जागाही करून ठेवावी लागते. नामपल्लीतल्या एखाद्या दुकानाने त्या वर्षी २८ सप्टेंबरला, रविवारी, गल्ल्यासमोर पुढची पाटी लावली असती तर तिने सगळे काम केले असते:

गुरुवार, २ ऑक्टोबर : पूर्ण दिवस बंद.
दसऱ्याची ऑर्डर : मंगळवार, ३० सप्टेंबर, रात्री ९ पर्यंत.
बुधवार, १ ऑक्टोबर : पहाटे ५ ते रात्री १०.
शुक्रवार, ३ ऑक्टोबर : सकाळी ६ पासून नेहमीप्रमाणे.

प्रत्येक ओळीत वार आणि तारीख दोन्ही आहेत, कारण एकात चूक झाली की दुसऱ्यावरून ती पकडता येते. शुभेच्छा नाहीत, त्या तोंडी देता येतात.

या बाबतीत प्रामाणिक जमात एकच, शिंप्यांची. रमजानचा पहिला पंधरवडा संपत आला की हैदराबादचा शिंपी ‘ऑर्डर बंद’ अशी पाटी लावून मोकळा होतो. दुकान उघडे, मशीन चालू, पण नवे कापड घेणार नाही. आपल्याकडे दिवाळीपूर्वी ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांना हा अनुभव नवा नाही. कडू वाटते, पण फसवणूक होत नाही.

रमजानचे गणित मात्र खरोखरच अवघड, कारण तिथे तारीख कॅलेंडरवर नसते, आकाशात असते. २०२५मध्ये रोजे २ मार्चला सुरू झाले. ३० मार्चच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर ३१ला ईद, नाही तर १ एप्रिलला. तेलंगणा सरकारने मात्र चंद्राची वाट न पाहता दुकाने चोवीस तास उघडी ठेवायची परवानगी २ ते ३१ मार्च अशी देऊन टाकली. (परवानगीला तीस दिवस लागतात, रोज्यांना एकोणतीसही पुरतात.) दुकानदाराला असे उरकता येत नाही. ईदनंतर कारागीर गावी जातात आणि दुकान दोन-तीन दिवस बंद राहते. त्याने पाटीवर दोन्ही शक्यता लिहाव्यात: चंद्र रविवारी दिसला तर सोमवार ते बुधवार बंद, गुरुवारी चालू, सोमवारी दिसला तर सगळे एक दिवस पुढे. एवढे वाचायला अर्धे मिनिट लागते. त्याऐवजी ‘ईदच्या सुट्टीनंतर भेटू’ असे लिहिले की आठवडाभर फोन उचलत बसावे लागते.

आता पाटीची जागा मोबाइलने घेतली, असे म्हणतात. घेतली आहे, पण खोडी तशाच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. रविवारी सकाळी टाकलेली सूचना सोमवारी दुपारी दुकानाची आठवण आलेल्या माणसाला दिसतच नाही. गूगलच्या नकाशावर सणाच्या वेळा वेगळ्या भरायची सोय आहे. त्या भरल्या नाहीत, तर सुट्टीमुळे वेळा बदलू शकतात, असे गूगल स्वतःच मोघम सांगून ठेवते. दुकानदाराने जे सांगायला हवे होते ते त्याच्या वतीने एक कंपनी अंदाजाने सांगते आणि गिऱ्हाईक तरीही फोन करतो.

सगळ्यात जास्त घोटाळा मध्यरात्रीनंतरच्या वेळांचा. हलीमची विक्री दुपारी ४ला सुरू होते आणि रात्री २ पर्यंत चालते. ‘शनिवारी रात्री २ पर्यंत’ म्हणजे शुक्रवार सरतानाचे २ की शनिवार सरतानाचे? नकाशावर भरताना ही वेळ दुकान ज्या दिवशी उघडले त्या दिवसाच्या खात्यात जाते, म्हणजे शनिवारी दुपारी ४ ते रविवारी पहाटे २. पाटीवरही तसेच पूर्ण लिहावे. पुण्याच्या चितळ्यांनी २०१७मध्ये दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तेव्हा त्याची बातमी झाली होती आणि ती दुकानापर्यंत न जाता सगळ्यांना घरबसल्या कळली होती. पण प्रत्येक मटणवाल्याच्या नशिबी बातमीदार नसतो. त्याला दुकान उघडे असतानाच, सुट्टे पैसे परत देता देता सांगावे लागते: गुरुवारी बंद आहे, साहेब, ऑर्डर मंगळवारपर्यंत द्या.