पंचेचाळीस सेकंदांची सकाळ

वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत माझ्या आतेभावाने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखल्या आहेत. जाहिरातीसाठी त्याच्या चिरंजिवांनी तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. त्यात पलंग, पंखा, न्हाणीघर आणि वर सिनेमातले गाणे! मी म्हटले, "अरे भाऊ, पलंग काय, शहरातल्या लॉजमध्येही असतो. तो पाहून माणूस फक्त भाडे ताडून पाहणार. तुझ्याकडे आहे ती सकाळ आणि वहिनींच्या हातचे घावणे. ते दाखव की!"

मग आम्ही पंचेचाळीस सेकंदांचा हिशेब मांडला. सहा सेकंद कोवळ्या उन्हातले अंगण, आठ सेकंद विहिरीचा रहाट, बारा सेकंद घावणे, नऊ सेकंद ओटीवर निवांत खाणारा पाहुणा आणि उरलेल्या दहांत त्याच ओटीवर मोठी अक्षरे.

गंमत अशी की, शांतता दाखवायची तर आवाजच लागतो. नुसते मुके चित्र पाहून कोणाला निवांत वाटत नाही. रहाटाची कुरकुर ऐकू आली की भोवतालची शांतता कळते. मात्र फोनची एक खोड आहे. भोवती सामसूम असली की तो आपला कान आपोआप तीक्ष्ण करतो, आणि मग फ्रिजची घरघर व नुसती खरखर भरून येते. म्हणून फ्रिज आणि पंप तेवढ्यापुरते बंद केले, फोन रहाटापासून हातभर अंतरावर, वाऱ्याकडे पाठ करून धरला, आणि गाण्याला रजा दिली.

घावण्यांचे तंत्र निराळे. बिडाच्या तव्यावर पातळ पीठ पडताच होणारा 'चर्र' आवाज हेच खरे आमंत्रण! वाफ मात्र समोरून उजेड पडला तर दिसत नाही. खिडकी तव्याच्या मागे आली आणि वाफेपाठीमागे काळोखी भिंत राहिली, तेव्हा ती झकास उमटली.

पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच पाहतात. त्यांच्यासाठी शेवटच्या अक्षरांत तीनच गोष्टी घातल्या: जेवणासह दर, स्टेशनापासूनचे अंतर आणि फोन नंबर. खोल्यांची, न्हाणीघराची छायाचित्रे विचारणाऱ्याला वेगळी पाठवायची. ती लपवायची नाहीत.

पारख सोपी आहे. एकदा डोळे मिटून ऐकावे, एकदा आवाज बंद करून पाहावे. दोन्ही वेळा घर ओळखू आले, तर जमले.

वहिनींनी मात्र एक अट घातली. "भाऊजी, पौषात येणाऱ्याला फणस दाखवू नका हं! आणि देवळातला कर्णा उत्सवात पहाटेच सुरू होतो, तेही फोनवर आधीच सांगा."

खरेच आहे. पंचेचाळीस सेकंदांत दिलेला शब्द पुढे दोन दिवस पाळायचा असतो, आणि तो पाळायचा असतो वहिनींनाच!