वर्कशीटचा फोटो टाकून उत्तर मागणं आता थांबवूया

रविवारी रात्री नऊनंतर आपल्या पालकांच्या ग्रुपवर काय येतं, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. केमिस्ट्रीच्या वर्कशीटचा फोटो. थोडा तिरका, वर दिव्याची चमक. खाली ओळ: "प्लीज पटकन सांगा, उद्या सबमिट करायचंय." दोन मिनिटांत कोणी काका लिहितात, M₁V₁ = M₂V₂, उत्तर ३७.५ मिली. सहा अंगठे येतात आणि विषय संपतो.

माझं भांडण या अंगठ्यांशी आहे. राग आला तरी चालेल, पण पूर्ण वाचा.

प्रश्न साधाच असतो. कॉपर सल्फेटचं ०.१५ मोलर द्रावण २५० मिली करायचंय, तर स्टॉक किती घ्याल? आता फोटो नीट बघा. स्टॉक किती तीव्र आहे, ते फोटोत आहे का? नाही. ते पानाच्या वर, "सर्व प्रश्नांसाठी" म्हणून एका ओळीत लिहिलेलं असतं आणि आपण फक्त तिसऱ्या प्रश्नाचा फोटो काढलेला असतो. काकांनी १.० मोलर गृहीत धरलं. वर ०.५० लिहिलेलं असेल तर उत्तर ३७.५ नाही, ७५ मिली. अंगठे मात्र तेवढेच पडले असते.

दुसरी गंमत दशांशचिन्हाची. चमकेत ते टिंब गेलं की ०.१५ चं १५ होतं. सूत्राला त्याचं काही वाटत नाही. ते शांतपणे सांगतं, ३७५० मिली स्टॉक घ्या. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये पावणेचार लिटर! शिवाय १.० मोलर स्टॉकपासून १५ मोलर द्रावण करायला निघालोय, म्हणजे पाणी घालून द्रावण जास्त कडक होणार. ज्या मुलाला आपण काय करतोय ते कळतंय, ते इथेच थांबेल. ज्याला फक्त सूत्र दिलंय, ते ३७५० लिहून मोकळं होईल.

मग काय कळायला हवं? आपल्या घरातलीच गोष्ट. कोकमाच्या आगळात पाणी घातलं की सरबत वाढतं, कोकम वाढत नाही. विरल करण्याचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे. म्हणून आधी शेवटच्या भांड्याकडे बघायचं. तिथे किती 'कोकम' हवंय? २५० मिली म्हणजे ०.२५० लिटर. लिटरला ०.१५ मोल, म्हणून ०.२५० × ०.१५ = ०.०३७५ मोल. हे सगळे मोल स्टॉकमधूनच यायचेत, पाण्यातून एकही येणार नाही. स्टॉकच्या एका लिटरमध्ये १.० मोल आहे, म्हणून ०.०३७५ लिटर हवा, म्हणजे ३७.५ मिली. (यूकेतल्या पालकांनो, तुमच्याकडे हेच mol dm⁻³ आणि cm³ मध्ये असतं. १ dm³ म्हणजे १ लिटर, १ cm³ म्हणजे १ मिली. बाकी काही बदलत नाही.)

सूत्र हेच सांगतं. डावीकडे स्टॉकमधून घेतलेले मोल, उजवीकडे तयार द्रावणातले मोल. पण हे वाक्य मुलाने एकदा तरी स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं असलं पाहिजे.

कारण खरी फजिती लॅबमध्ये होते. ग्रुपवर "३७.५ मिली" एवढंच आलेलं असतं. मुलगा ३७.५ मिली स्टॉक घेतो आणि त्यात २५० मिली पाणी ओततो, कारण प्रश्नात २५० लिहिलंय. झालं २८७.५ मिली. मोल तेवढेच, जागा जास्त: ०.०३७५ भागिले ०.२८७५, म्हणजे साधारण ०.१३ मोलर. निळा रंग किंचित फिका, डोळ्यांना कळतही नाही. पण तेच द्रावण कलरीमीटरमध्ये ठेवून आलेख काढला की त्याचा बिंदू इतरांच्या रेषेखाली पडतो, आणि पोरगं मशीनला दोष देतं.

२५० मिली हे पाण्याचं माप नाही, तयार द्रावणाचं आहे. ब्युरेटने ३७.५ मिली स्टॉक २५० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्यायचा, थोडं डिस्टिल्ड वॉटर घालून हलवायचं, मग खुणेपर्यंत पाणी भरायचं. शेवटचे थेंब ड्रॉपरने, द्रावणाच्या पृष्ठभागाचा खालचा बाक बरोबर रेषेवर येईपर्यंत. बूच लावून फ्लास्क काही वेळा उलटासुलटा करायचा. पाणी रेषेच्या वर गेलं, तर वरचं काढून टाकून चालत नाही. त्याबरोबर कॉपर सल्फेटही निघून जातं. पुन्हा पहिल्यापासून.

आता आपल्या पिढीची खास चूक, आणि ही जरा झोंबेल. आपल्यातल्या अनेकांनी महाराष्ट्रात अकरावी-बारावीला नॉर्मॅलिटी घोकली, N₁V₁ = N₂V₂. ते सूत्र विरल करतानाही चालायचं आणि टायट्रेशनलाही. म्हणून आपण मुलांना छातीठोकपणे सांगतो, "एकच सूत्र, सगळीकडे लाव." मुलांच्या वर्कशीटवर मात्र N नाही, M आहे. M चं सूत्र विरल करायला बरोबर आहे, पण टायट्रेशनला आंधळेपणाने लावलं की पडतं. ०.१० मोलर सल्फ्युरिक आम्लाचे २५ मिली आहेत, त्यांना ०.१० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड किती लागेल? सूत्र म्हणतं २५ मिली. खरं उत्तर ५० मिली, कारण या आम्लाच्या एका मोलला अल्कलीचे दोन मोल लागतात. नॉर्मॅलिटीत हा दोनाचा हिशेब आकड्यातच दडलेला असायचा. M मध्ये तो समीकरण बघून स्वतः करावा लागतो. आपण मदत म्हणून दिलेलं सूत्र इथे बरोबर निम्मं उत्तर देतं.

"अहो, मुलांना वेळ कुठे असतो? सॉकर, पियानो, कोडिंग." मान्य. पण वर मोल काढून केलेलं गणित तीन ओळींचं आहे. फोटो काढून, पाठवून, उत्तराची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. आणि सूत्र वापरू नका असं मी म्हणत नाहीये. मोल समजल्यावर खुशाल वापरा, वेळ वाचतो.

तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो ग्रुपवर आला, तर आकडा टाकू नका. उलट तीन प्रश्न विचारा. पूर्ण पानाचा फोटो आहे का, आणि स्टॉकची तीव्रता कुठे लिहिलीये? तयार द्रावणात किती मोल हवेत? आणि आलेलं उत्तर फ्लास्कमध्ये मावतं का? उत्तर मुलाला लिहू दे, तुम्हाला नाही. तिसऱ्या प्रश्नाला अडखळलं, तर फोन करा आणि बोला. मी रात्री साडेदहापर्यंत जागीच असते.