‘तरीही’ काढून टाका

आमच्या टीममध्ये भरती असली की आलेले अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असतं. मी उचगावचा, घरातला पहिला पदवीधर. त्यामुळे लहान गावांतून आलेल्या अर्जांतली एक ओळ मला लगेच ओळखू येते : ‘गरीब घरातून, मराठी माध्यमातून आलो असलो, तरीही कष्टाची तयारी आहे.’ उमेदवाराला काय येतं, ते यातून कळत नाही. उलट मराठी माध्यम ही उणीव आहे, हे आपणच कबूल करून बसतो.

अर्जाच्या सुरुवातीच्या सारांशाने तीनच गोष्टी सांगायच्या असतात : काय येतं, त्यातून काय केलं आणि कोणतं काम हवंय.

समजा, उचगावची एक मुलगी आहे. वडील गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मोल्डर. शेवटच्या वर्षी तिने त्याच फाउंड्रीसाठी एक प्रोग्रॅम केला. ‘वडील कामगार असूनही शिक्षण पूर्ण केले’ याऐवजी तिने असं लिहावं :

‘संगणक अभियांत्रिकी पदवीधर. पायथन, एसक्यूएल येते. फाउंड्रीतील रिजेक्ट कास्टिंगची वहीतली नोंद संगणकावर आणली. कोणत्या शिफ्टमध्ये कोणता दोष जास्त, हे सुपरवायझरला रोज दिसते. चार महिने वापरात. बॅकएंडचे काम हवे.’

यात वडील लपवलेले नाहीत. त्यांची जागा मुलाखतीत आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर ती म्हणेल : ‘मी कोल्हापूरजवळच्या उचगावची. वडील मोल्डर आहेत. ब्लो होल हा शब्द घरात ऐकतच मोठी झाले, म्हणून कामगारांना काय विचारायचं ते ठाऊक होतं.’ घराची गोष्ट कामाला येऊन मिळाली की तिथे थांबायचं. समोरच्याने प्रोग्रॅमबद्दल पुढचा प्रश्न विचारला तर उत्तर जमलं. ‘फार सोसलंत हो’ म्हणाला, तर आपण दया मागितली असं समजा.

वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, हे जुन्या बायोडेटातले रकाने गाळा. शिक्षणात खंड पडून वर्षभर दुकानात काम केलं असेल, तर ते वर्ष आणि ते काम सरळ लिहा. कारणमीमांसा नको.

एक मर्यादा मात्र आहे. नावावरून होणारा भेद चांगल्या सारांशाने मिटत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. मुस्लिम आणि दलित नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली.

म्हणून उत्तर आलं नाही, तर दोष आपल्याच घरात किंवा गावात शोधू नका. अर्ज पुन्हा वाचा, कामाची एखादी बाब राहिली असेल तर घाला आणि दुसरीकडे पाठवा. पुढच्या अर्जात ‘तरीही’ मात्र परत येऊ देऊ नका.