अनोळखी सभागृहातले पहिले वाक्य

गेल्या महिन्यात एक तिशीतील आहारतज्ज्ञ तरुणी तपासणीसाठी आली. अधूनमधून छातीत धडधडते, अशी तिची तक्रार होती. नाडी नियमित होती, रक्तदाब योग्य होता आणि ईसीजीत दोष नव्हता. हिमोग्लोबिन व थायरॉइडचे अहवालही ठीक होते. धडधड नेमकी केव्हा होते, असे विचारल्यावर खरे कारण बाहेर आले. पुढच्या शनिवारी पुण्यात एक परिषद होती आणि तेथे तिच्या ओळखीचे कोणीही येणार नव्हते. गेल्या वर्षी अशाच परिषदेत चहाची सगळी सुट्टी तिने स्वच्छतागृहात मोबाइल पाहत काढली होती. स्वतःचे काम नव्याने उभे करणाऱ्या व्यक्तीला हे परवडणारे नव्हते.

"डॉक्टर, ही धडधड थांबवणारी गोळी असते ना?" तिने विचारले.

गोळी असते. प्रोप्रॅनोलॉलमुळे हृदयाची गती उतरते आणि हातांचा कंपही कमी होतो. परंतु या मुलीला लहानपणापासून दमा होता, आणि दम्याच्या रुग्णाला त्या गोळीने श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो. मैत्रिणीकडून मागून घेण्याची ती गोळी नव्हे. शिवाय गोळीने धडधड थांबली तरी, जवळ जाऊन काय बोलावे, हा प्रश्न तसाच उरतो.

त्या प्रश्नाशी माझाही जुना परिचय आहे. तालुक्याच्या गावी काही वर्षे व्यवसाय केल्यानंतर मी पहिल्यांदा मुंबईच्या एका मोठ्या वैद्यकीय परिषदेला गेलो. जेवणाच्या वेळी शेजारच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, "आपण एमडी कशात केलंत?" मी म्हणालो, "मी एमबीबीएस आहे." ते "अच्छा" म्हणाले आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. त्यांचा हेतू वाईट नसावा. पण संभाषण तेथेच संपले. दुपारी मी स्वतः एका तरुण डॉक्टरला विचारले, "आपलं रुग्णालय किती खाटांचं?" त्याचे रुग्णालयच नव्हते. म्हणजे सकाळी मला जे लागले, तेच मी दुपारी दुसऱ्याला लावले.

त्या दिवशी कळलेली गोष्ट मी त्या तरुणीला सांगितली. पहिल्या वाक्यात समोरच्याची पायरी विचारू नये. पदवी, हुद्दा, संस्थेचा आकार हे प्रश्न साधे वाटतात, परंतु त्यांचे उत्तर देताना माणसाला स्वतःचे मोजमाप द्यावे लागते. आपल्याकडे आणखी एक प्रश्न सवयीने येतो, "आडनाव काय?" एसटीत शेजाऱ्याला "कुठले तुम्ही?" विचारावे तसाच तो सहज विचारला जातो, पण आडनावावरून जात ताडली जाते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. कित्येक जण तेथेच मिटून जातात.

मग विचारावे काय? त्या क्षणी दोघांच्याही समोर असलेली गोष्ट. नुकतेच झालेले भाषण, भिंतीवरचे पोस्टर, पुढचे सत्र कोणत्या दालनात आहे. अशा प्रश्नाला उत्तर देण्यास कोणालाही पदवी लागत नाही. वाक्य चमकदार असण्याचीही गरज नसते. "मी तुमच्याशी बोलू इच्छिते आणि तुम्हाला अवघड काही विचारणार नाही" एवढेच त्याने कळवायचे असते. संभाषण पुढे नेते ते दुसरे वाक्य, आणि ते समोरच्याच्या उत्तरातून उचलायचे असते.

कोणाजवळ जावे, यालाही काही खुणा आहेत. दोघे जण समोरासमोर, पावलेही एकमेकांकडे वळवून उभे असतील, तर तो गट बंद समजावा. तिघे-चौघे उभे असून मधे एका माणसापुरती जागा मोकळी असेल, तर तेथे थांबून ऐकता येते. सर्वांत सोपे म्हणजे एकटे उभे असलेले माणूस. ते बहुधा आपल्याच अडचणीत असते. चहाच्या रांगेत तर शेजारी उभे राहण्याचे कारणही द्यावे लागत नाही. फक्त एका वेळी कप किंवा बशी, एकच वस्तू हातात घ्यावी.

कार्यक्रमपत्रिका तिच्या पिशवीतच होती. नाचणीवरील सत्राखाली तिने माझ्यासमोर एक प्रश्न लिहिला. आत शिरण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे श्वास सावकाश घ्यावा आणि घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक वेळ द्यावा, असे मी सुचवले. त्याने नाडी थोडी मंदावते. तोंड कोरडे पडते म्हणून पाण्याचा घोट घेऊन जावे, एवढे आणखी सांगितले.

परिषदेनंतर ती येऊन गेली. पहिला प्रयत्न फसला होता. एका गृहस्थांना तिने सत्राविषयी विचारले. त्यांनी "हं, बरं झालं" म्हणून मोबाइल काढला. एकशब्दी उत्तर आणि दुसरीकडे वळलेले पाऊल दिसले, की "बरं, भेटू" म्हणून बाजूला व्हायचे, हे ठरलेले होते. ती बाजूला झाली.

मग चहाच्या रांगेत एक वयस्कर बाई एकट्या दिसल्या. ती म्हणाली, "नमस्कार मॅडम. नाचणीला मोड आणले की त्यातलं कॅल्शियम शरीराला जास्त मिळतं, असं सत्रात सांगितलं. तुमच्याकडचे लोक खरंच मोड आणतात का हो?"

"आणतात की! पण वाळवताना पावसाळ्यात बुरशी धरते," बाई म्हणाल्या.

येथे गेल्या वर्षीची ती मुलगी स्वतःची ओळख सांगू लागली असती. या वेळी तिने बाईंचाच शब्द धरला, "मग पावसाळ्यात काय करता?" बाई मंद आचेवर परतण्याची रीत सांगू लागल्या. त्या कोठे काम करतात, हे पुढे आपोआप कळले. नावांची देवाणघेवाण सर्वांत शेवटी झाली. सात-आठ मिनिटांनी तिने "पुढच्या सत्राआधी जरा पाणी पिऊन येते, तुमचा नंबर घेऊ का?" असे विचारून निरोप घेतला.

"पण मी फार बोलले, असं रात्रभर वाटत राहिलं," ती म्हणाली. हेही नेहमीचेच आहे. एरिका बूथबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अनोळखी व्यक्तीशी बोलल्यानंतर आपण तिला किती आवडलो याचा अंदाज माणसे प्रत्यक्षापेक्षा कमी करतात. रात्रीचा तो हिशेब बहुधा चुकलेला असतो.

धडधड या वेळीही झाली होती. पहिल्या काही मिनिटांत ती ओसरली. साधी भीड अशीच वागते. मात्र ही भीती सहा महिन्यांहून अधिक टिकली, तिच्यामुळे माणूस मुलाखती, सभा, समारंभ टाळू लागले किंवा दारूचा आधार घेऊ लागले, तर तो सामाजिक चिंताविकार असू शकतो. त्यावर मानसोपचाराने आणि गरज पडल्यास औषधाने चांगला इलाज होतो. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

त्या बाईंचा नंतर तिला फोन आला. परतलेल्या नाचणीचे पीठ किती दिवस टिकते, हे त्यांना विचारायचे होते.