बट्टा कुणाच्या नावावर?

आमचे मामंजी दुकानात हुंड्या घेत. तीन महिन्यांनी मिळायचे शंभर रुपये आज हवे असतील, तर तीन रुपये बट्टा कापून सत्त्याण्णव हाती ठेवत. उशिरा येणारा पैसा हलका असतो, हे व्यवहारातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. मग धरणाच्या हिशेबात ही साधी गोष्ट कुठे जाते?

1964 च्या सुमारास डॉ. धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीच्या शिफारशीवरून आपल्याकडे पाटबंधाऱ्याची परीक्षा बदलली. सरकारी तिजोरीत पाणीपट्टी किती येते हे न पाहता, समाजाला लाभ किती आणि खर्च किती हे पाहायचं ठरलं. विचार चांगला होता. पण रूढ झालेली पद्धत बघा. भांडवलाच्या दहा टक्के व्याज, एक टक्का घसारा आणि देखभाल, हा वर्षाचा खर्च. लाभ धरायचा तो मात्र योजना पूर्ण विकसित झाल्यावरच्या एका वर्षाचा. भागाकार दीड आला की योजना पास. अवर्षणप्रवण भागाला एक आला तरी चालतो.

समजा, योजनेला शंभर कोटी लागले. व्याज दहा, घसारा एक, देखभाल एक, म्हणजे बारा कोटी. लाभ अठरा कोटी. भागाकार बरोबर दीड.

आता मामंजींच्या रीतीने मांडू. देखभाल वजा जाता वर्षाला सतरा कोटी, पन्नास वर्षं. दहा टक्के बट्टा कापला, तर आजच्या भावाने ते सुमारे 169 कोटी होतात. छान. पण पाणी दहा वर्षं उशिरा पोचलं तर? तेच 169 चे उरतात 65. शंभर घातले, पासष्ट आले. कागदावरचा दीड मात्र जागचा हलत नाही, कारण त्या भागाकारात साल लिहायला जागाच नाही!

उशीर म्हणजे काय, ते आमच्या धारवाड-गदग भागाला विचारा. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला मलप्रभेचं धरण झालं. शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी धड मिळेना, आणि जमिनीची किंमत वाढली म्हणून कर मात्र मागितला गेला. 21 जुलै 1980 ला नवलगुंद-नरगुंदचा उद्रेक झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे येणारा लाभ आज आलाच असं धरून वसुली केली, की असं होतं.

यावर काही शहाणे म्हणतात, दहा टक्के दरच क्रूर आहे, नातवंडांचा विचार करा, चार टक्के धरा. इंग्लंडचं सरकार 2003 पासून साडेतीन टक्के धरतं आणि तीस वर्षांनंतरच्या काळाला आणखी कमी. मला ते पटतं, पण अर्धंच. चार टक्क्यांनी आपली ती दहा वर्षं रखडलेली योजनासुद्धा 247 कोटींची दिसते. म्हणजे नातवंडांचं नाव पुढे करून रखडवणाऱ्या ठेकेदाराचंच पाप धुतलं जातं.

मग दहाच बरे? तेही नाही. मलप्रभेच्या काळ्या जमिनीत पाणी मुरून साचलं, मीठ वर आलं, शेतं चोपण झाली. असं नुकसान काही वर्षांनीच दिसतं. तिसाव्या वर्षीचं शंभर कोटींचं नुकसान दहा टक्क्यांनी सहा कोटींहूनही कमी भरतं, चार टक्क्यांनी एकतीस. म्हणजे चढ्या दराने मीठ लपतं, उतरत्या दराने उशीर लपतो. ज्याला जे लपवायचं, तो तो दर निवडतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच: दर कमी धरा, कारण काळी जमीन काही आपल्या एका पिढीची नाही. पण प्रत्येक रकमेपुढे साल लिहा. पाणी टोकाला कोणत्या वर्षी पोचणार, निचऱ्याचे चर कधी खणणार, मीठ कधी वर येणार. पाण्याला जो दर, तोच मिठाला. आणि तीच योजना पाच आणि दहा वर्षं रखडली तर काय उरतं, तेही शेजारच्या रकान्यात छापा.

2018 च्या लवादाने म्हादईचं 3.9 टीएमसी पाणी मलप्रभेकडे वळवायला मान्यता दिली. हुबळीच्या नळाला दिवसाआड नव्हे, दिवसेंदिवस वाट पाहायला लावणारं पाणी मलप्रभेचंच, त्यामुळे ते मलाही हवं आहे. म्हणूनच विचारते: त्या हिशेबात साल लिहिलंय का? खालच्या अंगाला गोव्यात जे कमी होईल, ते कुठल्या रकान्यात आहे?

हुंडीवर तारीख नसेल तर मामंजी ती परत करत. आपण मात्र बिनतारखेच्या हुंड्यांवर धरणं बांधतो, आणि बट्टा शेवटच्या शेतकऱ्याच्या नावे टाकतो.