शनिवार-रविवारच्या पलीकडचा स्टॉप

शुक्रवार, 31 मे 2024 रोजी निफ्टी 22,530 वर बंद झाला. शनिवारी सायंकाळी मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज आले आणि सोमवारी, 3 जूनला, निर्देशांक 23,338 च्या आसपास उघडला. मधल्या आठशे अंकांच्या पट्ट्यात एकही सौदा झाला नाही.

समजा, एका व्यापाऱ्याने त्या शुक्रवारी 6 जूनच्या मुदतीचा 23,200 चा कॉल आणि 21,900 चा पुट प्रत्येकी 120 रुपयांना विकला होता. (हे प्रीमियम हिशेबासाठी धरलेले आहेत.) दोन्ही बाजू अशा दूरच्या भावांना विकणे म्हणजे शॉर्ट स्ट्रँगल. बाजार मधल्या टापूत राहिला, तर मिळालेले 240 रुपये घरात राहतात. प्रत्येक बाजूचा स्टॉप त्याने प्रीमियमच्या दुपटीवर, म्हणजे 240 वर ठरवला. कॉल 120 वरून 240 झाला की 120 रुपये तोटा घेऊन बाहेर पडायचे. ‘दुप्पट’ म्हणताना भाव दुप्पट की तोटा दुप्पट, हे आधी स्पष्ट असावे. तोटा दुप्पट धरल्यास स्टॉप 360 वर जातो.

सोमवारी तो कॉल, समजा, 400 वर उघडला. 240 हा भाव आलाच नाही, तेथे विकणारा कोण भेटणार? शिवाय राष्ट्रीय शेअर बाजाराने ऑप्शनमधील बाजारभावी स्टॉपची सोय सप्टेंबर 2021 मध्ये बंद केली आहे. आता ट्रिगरसोबत लिमिटही द्यावी लागते. 240 चा ट्रिगर आणि 250 ची लिमिट देऊन आदेश बाजार उघडण्यापूर्वी लावलेला असेल, तर 400 च्या पहिल्याच सौद्याने तो जागा होतो, पण 250 च्या वर खरेदी करीत नाही. आदेश पटलावर लटकत राहतो आणि व्यापारी आपण सुटलो असे समजतो. म्हणून आदेश ‘ट्रिगर झाला’ की ‘पूर्ण झाला’, हे पाहणे अत्यावश्यक. 400 ला हाताने सोडवल्यास कॉलवर 280 रुपये तोटा. पुट 40 पर्यंत उतरला तर त्यातले 80 परत येतात.

दुसऱ्याच दिवशी, 4 जूनला, निफ्टी 1,379 अंकांनी घसरून बंद झाला. पडझड आदल्या दिवशीच्या चढापेक्षा मोठी, तरी आरंभ 23,180 च्या जवळ झाला आणि घसरण बाजार चालू असताना झाली. तेथे पुटच्या स्टॉपला वाटेत भाव मिळण्याची शक्यता तरी होती.

यावर एक उपाय आहे. 23,700 चा कॉल, समजा 50 रुपयांना, सोबत विकत घेतला, तर कॉलच्या बाजूचा तोटा 430 रुपयांपुढे जात नाही. हा आकडा 120 पेक्षा मोठा आहे. पण किती लॉट विकायचे ते 120 वर नव्हे, या 430 वर ठरवता येते. तो शुक्रवारीच माहीत असतो.