गल्ल्याची वाटणी

‘दुकान थोरल्याला, बाकीच्यांना त्यांचा वाटा रोख,’ असं मृत्युपत्रात लिहिणारे बाप बरेच असतात. वाटा म्हणजे नेमका किती, हे लिहिणारे थोडे. मालाची मोजदाद होते, उधारीची वही जुळते, घोडं अडतं ते नावलौकिकाशी. धाकटे म्हणतात, गिऱ्हाईक बाबांनी जोडलं. थोरला म्हणतो, वीस वर्षं गल्ल्यावर मीच बसलो. दोघांचंही खरं असतं. म्हणून हिशेब असा करावा. समजा, भाड्याच्या गाळ्यातल्या किराणा दुकानाचा तीन वर्षांचा सरासरी नफा १२ लाख. त्यातून थोरल्याच्या कामाचा पगार, महिना ४० हजारांप्रमाणे ४.८० लाख, वजा करा. देणी फेडून उरणाऱ्या ४२ लाखांच्या भांडवलावर दहा टक्के, म्हणजे ४.२० लाख, तेही वजा करा. उरलेले तीन लाख ही खरी नावाची कमाई. ती तीन वर्षं टिकेल असं धरलं, तर नावलौकिक ९ लाखांचा आणि दुकान ५१ लाखांचं. तीन भावंडांत प्रत्येकी १७ लाख. गाळा मालकीचा असेल, तर त्याची किंमत वेगळी धरून नफ्यातून भाडंही वजा करावं. नाहीतर जागा दोनदा मोजली जाते. मात्र धाकट्यांचे ३४ लाख एकदम मागितले, तर माल विकूनच द्यावे लागतील. म्हणून मृत्युपत्रात आकडा न लिहिता ही रीत लिहावी, हप्ते ठरवावेत आणि ते फिटेपर्यंत दुकानावर बोजा ठेवावा.